मोटर चाकात की मधोमध? पसरणी घाटाचं गणित

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला निघालेल्या माणसाच्या हातात दोन माहितीपत्रकं पडली की एक कोडं हमखास समोर येतं. टीव्हीएस आयक्यूबच्या पत्रकात टॉर्क दिलेला असतो 140 न्यूटन-मीटर. एथर 450 एक्सच्या पत्रकात तोच आकडा आहे 26 न्यूटन-मीटर. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि घाट चढायला तोच लागतो. मग 26 वाली गाडी 140 वालीच्या पाचव्या हिश्श्याइतकी दुबळी समजायची का? रस्त्यावर तसं काहीच दिसत नाही. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या जागी मोजलेले आहेत. त्या दोन जागांमध्ये जे काही घडतं, त्यावर गाडी घाटात कशी वागेल आणि गॅरेजमध्ये तिचं काय उघडावं लागेल, हे दोन्ही ठरतं.

आयक्यूबची मोटर मागच्या चाकाच्या पोटात आहे. हिला हब मोटर म्हणतात. नेहमीच्या मोटरमध्ये बाहेरचं कवच स्थिर असतं आणि आतला दांडा फिरतो. इथे सगळं उलटं आहे. तांब्याच्या तारांची गुंडाळी अॅक्सलला घट्ट बसवलेली असते, ती जागची हलत नाही. तिच्याभोवतीच्या कवचाला आतून लोहचुंबक चिकटवलेले असतात आणि ते कवचच फिरतं. कवचावर रिम, रिमवर टायर. मधे गिअर नाही, साखळी नाही, पट्टा नाही. मोटर एकदा फिरली की चाक एकदा फिरलं. म्हणून मोटरचा टॉर्क तोच चाकाचा टॉर्क.

एथरमध्ये मोटर चाकाच्या पुढे, गाडीच्या मधल्या भागात बसते. ही मिड-ड्राइव्ह. तिचा दांडा भराभर फिरतो आणि मधली यंत्रणा तो वेग कमी करून पट्ट्यावाटे चाकाला देते. वेग जितक्या पटीने उतरतो, तितक्याच पटीने जोर चढतो. हिशेबासाठी ही पट आठ धरू. तीस किलोमीटरच्या वेगाला स्कूटरचं चाक मिनिटाला साधारण 360 फेरे घेतं, तेव्हा मोटर जवळजवळ 2900 फेरे घेत असते. त्या बदल्यात मोटरचे 26 न्यूटन-मीटर चाकापाशी पोचेपर्यंत 200 च्या पुढे गेलेले असतात. पट्टा आणि गिअर त्यातले थोडे टक्के घर्षणात खातात, तरी आकडा मोठाच राहतो. म्हणून माहितीपत्रकं शेजारी ठेवताना मोटरपाशी मोजलेला टॉर्क आणि चाकापाशी मोजलेला टॉर्क यांची तुलना करायची नाही. चाकापाशी किती, हेच विचारायचं.

आता या दोन रचना एका खऱ्या घाटावर नेऊ. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट घ्या. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 720 मीटरवर आणि पाचगणी जवळजवळ 1290 मीटरवर. मधलं अंतर बारा-तेरा किलोमीटर. म्हणजे दर शंभर मीटरला साडेचार-पाच मीटर चढ. ही सरासरी झाली, काही वळणांवर चढ याच्या दुपटीच्या आसपास जातो. गाडी आणि डबल सीट मिळून 250 किलो वजन धरू.

सपाट रस्त्यावर तीस किलोमीटरच्या वेगाने जाताना टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध एवढाच सामना असतो. त्यासाठी चाकापाशी सुमारे 14 न्यूटन-मीटर पुरतात. सरासरी चढावर हा आकडा 39 च्या घरात जातो. शंभराला दहा मीटर चढणाऱ्या तीव्र वळणावर तो 68 होतो, म्हणजे सपाटीच्या जवळजवळ पाचपट. आणि हे दोन्ही गाड्यांना सारखंच लागू आहे. घाटाला मोटर कुठे बसवली आहे हे ठाऊक नसतं. तो चाकाकडे 68 मागतो आणि ते दिल्याशिवाय वर जाऊ देत नाही.

गंमत अशी की या चढाला एकूण ऊर्जा फारशी लागत नाही. 250 किलो वजन पावणेसहाशे मीटर उचलायला साधारण 0.4 युनिट वीज पुरते. घर्षण, हवा आणि मोटरमधला तोटा धरूनही हा खर्च एका युनिटच्या आत बसतो. दोघांना आणि एका स्कूटरला सह्याद्रीच्या पठारावर नेऊन ठेवायला एवढीशी वीज! मग गाड्या घाटात दम का टाकतात? बॅटरीत वीज शिल्लक असतानाही वेग का उतरतो? त्याचं उत्तर तांब्याच्या तारेत आहे.

मोटरचा टॉर्क तिच्यातून वाहणाऱ्या करंटच्या प्रमाणात असतो. दुप्पट जोर हवा तर दुप्पट करंट. पण तारेत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट करंटला चौपट उष्णता, पाचपट करंटला पंचवीसपट. समजा, एखाद्या दणकट हब मोटरच्या तांब्यात सपाटीवर 10 वॅट उष्णता निघते. पसरणीच्या सरासरी चढावर तीच मोटर 78 वॅट उष्णता काढेल आणि तीव्र वळणावर 235. जोर पाचपट झाला, आच जवळजवळ चोवीसपट झाली. मोटर लहान असेल, तांबं थोडं आणि लोहचुंबक छोटे असतील, तर तेवढाच जोर काढायला तिला याच्या चौपट उष्णता सोसावी लागू शकते. म्हणजे त्या वळणावर सुमारे 940 वॅट. पाणी तापवायच्या छोट्या हीटरइतकी आच, तीही बंद डब्यात.

यातून एक चकित करणारी गोष्ट निघते. ही उष्णता वेगावर अवलंबून नाही, जोरावर आहे. विहिरीच्या रहाटावर भरलेली बादली मधेच धरून उभं राहिलं तर बादली तसूभरही वर जात नाही, तरी दंड भरून येतात. मोटरचंही तसंच आहे. चढावर गाडी जेमतेम सरकत असली, तरी तिला धरून ठेवायला तेवढाच करंट लागतो आणि तार तेवढीच तापते. म्हणून ‘गाडीला त्रास नको, हळू नेऊ’ म्हणत पंधराच्या वेगाने घाट चढणारा माणूस मोटरचा त्रास वाढवत असतो. हवेचा विरोध कमी झाल्यामुळे दर सेकंदाची उष्णता थोडीशी उतरते, पण घाट चोवीस मिनिटांऐवजी अठ्ठेचाळीस मिनिटं चालतो. एकूण उष्णता दीडपटीहून जास्त होते आणि वारा कमी लागल्यामुळे ती बाहेरही कमी जाते. पंचवीस-तीसच्या एकसारख्या वेगाने चढणं मोटरला जास्त मानवतं. चढाच्या मध्यावर थांबून पुन्हा निघणं सगळ्यात जड, कारण तिथे पूर्ण जोर लागतो आणि वेग शून्य असतो.

मधल्या गिअरचा चमत्कार आता नीट दिसेल. वेग आठपट उतरवला तर मोटरला स्वतःला फक्त आठवा हिस्सा जोर लावावा लागतो. 68 च्या जागी साडेआठ. करंट आठवा हिस्सा, म्हणून उष्णता चौसष्टावा हिस्सा. एकच मोटर थेट चाकाला जोडली आणि मग आठपटीच्या गिअरमधून जोडली, तर तांब्याच्या तापण्यात चौसष्टपट फरक पडतो. काही दाते असलेली दोन चाकं आणि एक पट्टा एवढ्यावर हे साधतं.

प्रत्यक्षात हा सगळा फायदा चढाच्या पदरात पडत नाही. कंपन्या तो दुसरीकडे खर्च करतात. गिअर आहे म्हटल्यावर मोटर लहान आणि हलकी केली तरी चालते, म्हणून मिड-ड्राइव्हमध्ये मोटर लहानच बसवतात. उलट हब मोटर मुद्दाम मोठ्या घेराची करतात. लोहचुंबक मध्यापासून जितके लांब, तितकी त्यांच्या ओढीला मोठी तरफ मिळते. म्हणून आजच्या तीन किलोवॅटच्या हब मोटरला पसरणी जड जात नाही. जड जातं ते छोट्या हब मोटरला.

हा खेळ फार जुना आहे. 1895 मध्ये अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांनी मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलचं पेटंट घेतलं. गिअर नव्हते. बॅटरी 10 व्होल्टची, आणि मोटर तिच्यातून 100 अँपिअरपर्यंत करंट ओढू शकायची. गिअरशिवाय जोर काढायचा तर करंट असा लागतो. दोनच वर्षांनी बोस्टनच्या होझिया लिबी यांनी मोटर सायकलच्या मधोमध, पेडलच्या दांड्यापाशी बसवली. आज शोरूममध्ये आपण ज्या दोन रचनांमध्ये निवड करतो, त्या दोन्ही विसावं शतक उजाडण्याआधीच कागदावर आल्या होत्या.

उष्णता किती निघते याइतकंच ती कुठून बाहेर जाते हेही महत्त्वाचं आहे. हब मोटरमध्ये तापणारी गुंडाळी अगदी आत आहे. तिला दोनच वाटा आहेत. एक अॅक्सलमधून, जो बारीक आहे. दुसरी कवचाकडे, पण मधे हवेची पातळ फट आहे आणि हवा उष्णतेची वाहक म्हणून फार कमजोर. बाहेरच्या कवचाला वारा भरपूर लागतो, तो आतल्या तांब्यापर्यंत पोचत नाही. कवचाला हात लावला तर कोमट, आणि आत तार शंभर अंशांच्या पुढे, असं सहज घडू शकतं. मिड-ड्राइव्हमध्ये बहुधा उलट रचना असते. लोहचुंबक आतल्या दांड्यावर आणि गुंडाळी बाहेर, अॅल्युमिनियमच्या कवचाला घट्ट टेकलेली. तांब्यातली उष्णता धातूतून थेट कवचाच्या पंखांवर येते.

गुंडाळीत तापमान मोजणारा छोटा सेन्सर असतो. तो हद्द जवळ आल्याचं सांगतो तेव्हा कंट्रोलर करंट कमी करतो. घाटात हे कसं ओळखायचं? मूठ पूर्ण पिळलेली आहे, बॅटरीत चार्ज आहे, झटका किंवा आवाज नाही, तरी वेग चाळीसवरून पस्तीस, पस्तीसवरून पंचवीस असा हळूहळू उतरतो. ही मोटर बिघडल्याची खूण नाही, ती स्वतःला वाचवते आहे. पंधरा-वीस मिनिटं सावलीत उभी केली की पिकअप परत येतो. पण सेन्सर नसलेल्या किंवा कंट्रोलर बदलून ‘पॉवर वाढवलेल्या’ गाडीला ही राखण नसते. तिथे उष्णता लोहचुंबकांपर्यंत पोचते. निओडिमियमचे लोहचुंबक ठरावीक तापमानापलीकडे आपली ओढ कायमची गमावतात. मग तोच जोर काढायला जास्त करंट लागतो, त्याने आणखी तापतं, आणि चक्र सुरू होतं. अशा मोटरची खूण चमत्कारिक आहे. वेगमर्यादा कंट्रोलरने बांधलेली नसेल, तर सेंटर स्टँडवर चाक पूर्वीपेक्षा जास्त वेगाने फिरतं आणि चढावर मात्र गाडी पूर्वीपेक्षा लवकर दमते.

गाडी घेताना यासाठी एक आकडा पाहावा. मोठ्या अक्षरात छापलेली ‘पीक पॉवर’ काही सेकंदांची असते. घाट मात्र सेकंदांत संपत नाही. भारतात मोटरची ताकद मोजण्याच्या एआयएस 041 या मानकात 30 मिनिटांची कमाल पॉवर मोजली जाते, म्हणजे सलग अर्धा तास देता येईल एवढी. पसरणीचा चोवीस मिनिटांचा चढ याच मापात बसतो. आपल्या उदाहरणात सरासरी चढावर दीड किलोवॅट आणि तीव्र वळणांवर सुमारे अडीच किलोवॅट लागतात. लायसन्स न लागणाऱ्या गाड्यांची हीच 30 मिनिटांची पॉवर पाव किलोवॅटपेक्षा कमी असावी लागते. तेवढ्या ताकदीवर डबल सीट त्या वळणावर ताशी तीन किलोमीटर होतात, माणूस चालत पुढे जाईल. ती गाडी गावातल्या सपाट रस्त्यासाठी आहे, आणि तिथे ती चांगलीच आहे.

आता गॅरेजमध्ये जाऊ. घाटात हब मोटर जे सोसते, त्याची भरपाई ती इथे करते. झिजणारं म्हणावं असं तिच्यात बेअरिंग सोडून काही नाही. तेल नाही, ताण देणं नाही. पट्टा मध्यरात्री आडरानात तुटण्याची भीतीच नाही. बरीच वर्षं तिच्याकडे पाहावंही लागत नाही.

काम निघतं तेव्हा मात्र ते चाकातच निघतं. ट्यूबलेस टायरचं साधं पंक्चर चाक न काढता होतं. टायर बदलायचा असेल तर मोटरसकट जड चाक उतरवावं लागतं. अॅक्सलमधून बाहेर येणाऱ्या तीन जाड आणि पाच बारीक तारांचे कपलर आधी सोडवायचे आणि परत बसवताना तार नटखाली चेमटू द्यायची नाही. अॅक्सलचे नट पूर्ण घट्ट हवेत. ते ढिले राहिले तर चढावरच्या जोराने चाकाऐवजी अॅक्सलच फिरतो आणि तारा पिळून तुटतात. पंक्चरवाल्याकडून चाक काढून घेतलं की घरी निघण्याआधी हे नट आणि तारांचा कोपरा डोळ्यांनी पाहून घ्यावा.

तीन जाड तारा मोटरला करंट देतात. पाच बारीक तारा हॉल सेन्सरच्या. लोहचुंबक या क्षणी कुठे आहेत हे ते कंट्रोलरला सांगतात. पावसाळ्यात तारांच्या वाटेने किंवा कवचाच्या सीलमधून पाणी आत गेलं की पहिला बळी बहुधा यांतलाच एखादा सेन्सर असतो. गाडी निघताना झटके देते, घरघरते, आणि थोडं ढकललं की चालू लागते. तपासायला मल्टीमीटर पुरतो. चावी चालू ठेवून, चाक उचलून हाताने सावकाश फिरवायचं आणि पिवळ्या, हिरव्या, निळ्या बारीक तारांवर व्होल्टेज पाहायचं. प्रत्येकीवर ते शून्य आणि पाचच्या जवळपास असं आलटून पालटून यायला हवं. एक तार एकाच आकड्यावर अडली, तर तिचा सेन्सर गेला. सेन्सर स्वस्त असतो, पण तिथे पोचायला मोटर उघडावी लागते. लोहचुंबक इतक्या जोरात ओढतात की बोट मधे सापडलं तर चेचतं, म्हणून हे काम खास पुलर असलेल्या कारागिराचंच.

दुसरी एक तपासणी त्याहून सुंदर आहे, कारण तिला मीटरही लागत नाही. गाडी बंद आहे आणि चाक हाताने फिरवताना अडखळत, जड फिरतं आहे. मग तीन जाड तारा कंट्रोलरपासून वेगळ्या करायच्या, टोकं एकमेकींना लागू द्यायची नाहीत, आणि चाक पुन्हा फिरवायचं. मोकळं झालं तर शॉर्ट कंट्रोलरमध्ये आहे. तसंच जड राहिलं आणि ब्रेक घासत नसेल, तर दोष मोटरच्या आत आहे. फिरणारी मोटर स्वतः जनित्र होते आणि तारा कुठे जोडल्या गेल्या असतील तर तयार होणारी वीज चाकालाच उलटा रोध करते.

मिड-ड्राइव्हची देखभाल याच्या उलट आहे. मागचं चाक साधं असतं, त्यात ना तार ना मोटर. टायरचं काम हलकं, आणि चाक हलकं असल्यामुळे खड्ड्यातही सस्पेन्शनला ते सांभाळणं सोपं जातं. मोटर उंच आणि बंदिस्त, तिला उघडायची पाळी कमी येते. लक्ष द्यावं लागतं ते मधल्या यंत्रणेकडे. पट्ट्याचा ताण मापात हवा. ढिला पडला तर जोर लागताना दाते सुटल्याचा टकटक आवाज येतो, जास्त ताणला तर बेअरिंग लवकर जातात. चिवचिव आवाज, कडेचे सुटलेले धागे, तुटलेला दाता किंवा दात्यांत रुतलेला खडा या पट्टा तपासायच्या खुणा आहेत. साखळी असेल तर तिला वंगण आणि ताण दोन्ही वेळोवेळी लागतात. गिअरबॉक्स असेल तर कंपनीने सांगितलेल्या अंतराला त्याचं तेल. आणि पट्टा तुटला तर मोटर ठणठणीत असूनही गाडी जागची हलत नाही.

म्हणजे घाट आपली किंमत दोघींकडूनही वसूल करतो, फक्त वेगळ्या नाण्यांत. हब मोटर ती तांब्यातल्या उष्णतेत भरते, मिड-ड्राइव्ह पट्ट्याच्या आणि दात्यांच्या झिजेत. रोजचा रस्ता सपाट, अधूनमधून उड्डाणपूल आणि जवळ कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, अशा माणसाला बिनझिजेची हब मोटर सोयीची. रोज डबल सीट किंवा दुधाचे कॅन घेऊन घाट चढायचा असेल तर मिड-ड्राइव्ह, किंवा अर्धा तास अडीच किलोवॅट देऊ शकणारी मोठी हब मोटर. शोरूममध्ये मग दोनच गोष्टी विचाराव्यात: 30 मिनिटांची पॉवर किती आणि चाकापाशी टॉर्क किती. मिड-ड्राइव्ह असेल तर तिसरी: पट्टा किती किलोमीटरला बदलायचा आणि तो इथे गावात मिळतो का.